पोमोडोरोचा गजर नेमाने पाळूनही चार वाजता डोळे जळतात. कुठे चुकतंय?

शब्दवेल

नमस्कार मंडळी. मी अनुवाद आणि मुद्रितशोधनाचं काम करते. सकाळी साडेनऊला बसते, साडेसहाला उठते, आणि सगळं काम लॅपटॉपवर. वय ३८. गेले तीन महिने पोमोडोरो पद्धतीने काम करते आहे: २५ मिनिटं काम, मग गजर, ५ मिनिटं सुट्टी, आणि अशा चार फेऱ्या झाल्या की मोठी सुट्टी. कामाच्या दृष्टीने फार फायदा झाला. पानं जास्त होतात, मन भरकटत नाही.

पण हे सुरू करताना मुख्य आशा डोळ्यांची होती, आणि तिथे काहीच फरक नाही. दुपारी साडेतीन-चारच्या सुमारास पापण्यांच्या आत रेती गेल्यासारखं खुपायला लागतं. संध्याकाळी मान वर करून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं तर आकडे दोन-तीन सेकंद धूसर दिसतात, मग स्पष्ट होतात.

आपण नक्की काय करतो हे बघायला काल दिवसभर कागदावर नोंद ठेवली. गजर १४ वेळा वाजला. तीन वेळा वाक्य अर्धवट होतं म्हणून बंद केला. पाच वेळा उठून पाणी प्यायले किंवा चालून आले. उरलेल्या सहा वेळा खुर्चीतच बसून मोबाईल बघितला. उजेड बरोबर आहे, चष्मा दोन वर्षांपूर्वीचा आहे. गजराचं अंतर बदलू का? २५ ऐवजी १५ करू का?

रानवारा

अंतर २० करा, प्रश्नच मिटेल. २०-२०-२० हा नियम आहे. दर २० मिनिटांनी २० फूट लांब २० सेकंद बघायचं. हे शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झालेलं आहे. शिवाय निळा प्रकाश अडवणाऱ्या काचा बसवून घ्या. माझा स्वतःचा त्रास काचा बदलल्यावर पंधरा दिवसांत गेला.

अरुंधती_तारा

छान विषय. माझा मुलगा बारावीला आहे, त्याला २५ मिनिटं सलग बसणंही जमत नाही. गजर वाजेपर्यंत दहा वेळा घड्याळ बघतो. मुलांसाठी किती मिनिटांपासून सुरुवात करावी? आणि गणिताला वेगळं, पाठांतराला वेगळं ठेवावं का?

जुना_पिंपळ

अरुंधतीताई, शब्दवेल यांचा प्रश्न डोळ्यांचा आहे, अभ्यासाचा नाही. तरी एक सांगतो, कारण मी ही पद्धत बारा वर्षं वापरतो आहे. घड्याळ त्याच्या समोरून काढा आणि पाठीमागे ठेवा. उरलेली मिनिटं दिसत राहिली की मुलगा मिनिटंच मोजतो.

आता मूळ मुद्दा. ही पद्धत फ्रान्चेस्को चिरिल्लो यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस विद्यार्थी असताना स्वतःच्या अभ्यासासाठी बसवली. स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ होतं, म्हणून नाव पोमोडोरो. त्यात २५ हा आकडा लक्ष टिकवण्यासाठी आहे. मधे कुणी अडवलं आणि काम सुटलं तर तो पोमोडोरो बाद, नव्याने सुरू, इतकी ती कडक आहे. डोळ्यांचा विचार त्यात कुठेच नाही. म्हणून कृपा करून २५चे १५ करू नका. अनुवाद करताना माणूस परिच्छेदात शिरायलाच सात-आठ मिनिटं घेतो. पंधराव्या मिनिटाला घंटा वाजली तर हाती काय लागलं? मी तर आता ५० काम आणि १० सुट्टी असं करतो.

काजवा

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, सोळा वर्षं हेच काम करते. शब्दवेल, तुम्ही ठेवलेली नोंद फार उपयोगी आहे. तुमचं उत्तर बरंचसं त्या सहा मोबाईलच्या सुट्ट्यांत आहे.

जवळचं बघताना डोळ्यातलं भिंग फुगवायला आतला स्नायू आवळून धरावा लागतो. किती आवळायचा ते अंतरावर ठरतं, आणि हिशोब सोपा आहे: एक भागिले मीटरमधलं अंतर. लॅपटॉप अर्धा मीटरवर असेल तर डोळ्याला २ डायऑप्टर जोर लावावा लागतो. सहा मीटरवर, म्हणजे साधारण २० फुटांवर, हाच जोर ०.१७ उरतो, म्हणजे स्नायू जवळजवळ मोकळा. मोबाईल आपण ३० सेंटीमीटरवर धरतो, तिथे तो ३.३ होतो. म्हणजे गजर वाजल्यावर लॅपटॉप सोडून तुम्ही मोबाईल घेतला, त्या पाच मिनिटांत डोळ्यांचं काम दीडपटीहून जास्त झालं. डोक्याला सुट्टी मिळाली, डोळ्यांना मिळाली नाही. संध्याकाळी घड्याळाचे आकडे दोन-तीन सेकंद धूसर दिसतात ते याच स्नायूमुळे. दिवसभर आवळलेला असतो, सुटायला वेळ घेतो.

याच हिशोबाने २० फुटांचाही फार बाऊ करू नये. खोली लहान असेल आणि समोरची भिंत तीन मीटरवर असेल तर जोर ०.३३ होतो. २ वरून ०.३३ आणि २ वरून ०.१७ यात डोळ्याला जाणवण्याइतका फरक नाही. खिडकी नाही म्हणून कुणी हा नाद सोडू नये.

रानवारा, तुम्हाला बरं वाटलं याचा आनंद आहे. पण दोन गोष्टी स्पष्ट सांगते. निळ्या प्रकाशाच्या काचांवर २०२३ मध्ये कोक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेचा आढावा आला. साध्या काचांच्या तुलनेत, निदान थोड्या काळात तरी, डोळ्यांचा शीण कमी होत असल्याचं त्यात दिसलेलं नाही. तुमच्या नव्या काचांबरोबर नंबरही नवा झाला होता का, ते बघा. आणि २०-२०-२० ही लक्षात ठेवायला सोपी केलेली सूचना आहे. त्यातले तिन्ही वीस कुणी मोजून काढलेले नाहीत. आठवण देणारं सॉफ्टवेअर लावून केलेल्या एका अभ्यासात त्रास कमी झालेला दिसला. दुसऱ्या एकात वीस सेकंदांच्या सुट्ट्या वेगवेगळ्या अंतरांनी देऊनही फरक दिसला नाही. मी रुग्णांना ती सांगते, पण सिद्ध झालेला नियम म्हणून सांगत नाही.

शब्दवेल, आता माझा प्रश्न. रेतीसारखं खुपणं हे स्नायूचं लक्षण नाही, कोरडेपणाचं आहे. काम करताना तुमच्या पापण्या मिनिटाला किती वेळा मिटतात? एकदा मोजाल का? स्वतः मोजू नका, लक्ष गेलं की आकडा बदलतो. लॅपटॉपचा कॅमेरा चालू ठेवा, विसरून जा, आणि नंतर मधली पाच मिनिटं बघा.

रानवारा

नंबर बदलला होता, बरोबर. उजव्या डोळ्याचा पाव वाढला होता. ते मी हिशोबात धरलंच नव्हतं.

खटपट्या

मी प्रोग्रामर आहे. माझा अनुभव सांगतो, कारण मी याच खड्ड्यात पडलो होतो.

पोमोडोरोचं घड्याळ सरळ पळतं. तुम्ही जागेवर असा वा नसा, त्याला घेणंदेणं नाही. म्हणून मी Workrave आणि Stretchly ही सुट्टीची आठवण देणारी दोन सॉफ्टवेअर वापरून बघितली. दोन्ही फुकट आहेत. ती कीबोर्ड आणि माउसकडे बघतात. काही वेळ हालचाल नसली की माणूस उठला असं धरतात आणि मोजणी शून्यावर आणतात. कल्पना चांगली वाटली. पण मला एकेका वेळी दहा-दहा मिनिटं नुसतं वाचायचं असतं, हात स्थिर आणि डोळे पडद्यावर. सॉफ्टवेअर म्हणतं हा विश्रांती घेतोय, आणि डोळे तर सगळ्यात जास्त तेव्हाच ताणलेले. दोन दोन तास एकही आठवण यायची नाही. मुद्रितशोधनात तुमचंही हेच होणार. Workrave मध्ये वाचनासाठी वेगळा मोड आहे, तो चालू केला तर हा घोळ होत नाही.

शेवटी मी स्वतःची एवढीशी स्क्रिप्ट केली. नियम एकच: उठताना स्क्रीन लॉक करायची. लॉक म्हणजे सुट्टी, बाकी सगळं काम.

```bash
min=0
while sleep 60; do
  l=$(loginctl show-session "$XDG_SESSION_ID" \
      -p LockedHint --value)
  if [ "$l" = "yes" ]; then min=0; else min=$((min+1)); fi
  if [ "$min" -ge 20 ]; then
    notify-send "नजर वर" "लांब बघा, सावकाश मिटा"
    min=0
  fi
done
```

हे माझ्या लिनक्सवर चालतं. `XDG_SESSION_ID` रिकामा आला तर नुसतं `loginctl` चालवून आपल्या सत्राचा क्रमांक बघा आणि तिथे घाला. एक इशारा: हे `cron` मधून लावू नका. तिथून सूचना पडद्यापर्यंत पोचत नाही आणि चूकही दिसत नाही, माझे दोन दिवस त्यात गेले. लॉगिनच्या वेळी सुरू होणाऱ्या प्रोग्रामांत टाका.

निशिगंध

मी ग्राहक सेवेत आहे, फोन आणि चॅट. आम्हाला संगणकावर काही टाकायची परवानगी नाही. पाच मिनिटं हालचाल नसली की नावापुढचा दिवा बदलतो आणि पर्यवेक्षक विचारायला येतात. दिवसात दोन छोट्या सुट्ट्या आणि एक मोठी, त्याही ठरलेल्या वेळेला. वरचं सगळं वाचून वाईट वाटलं, कारण यातलं काहीच मला करता येत नाही. माझ्यासारख्यांनी काय करावं?

काजवा

निशिगंध, तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी शब्दवेल यांच्याकडे नाही. समोरचा माणूस बोलत असतो तेव्हा तुम्हाला नुसतं ऐकायचं असतं. ग्राहक तक्रार सांगायला लागला की नजर पडद्यावरून उचला आणि खोलीतल्या सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात ठेवा, तो थांबेपर्यंत. हात कीबोर्डवर राहू द्या. अशी वीस-तीस सेकंदं तुम्हाला दिवसात कितीतरी वेळा मिळतील. आठवण करून द्यायला कुठलंही यंत्र नको, फोनवर समोरचा आवाज सुरू होणं हीच आठवण. चॅटला मात्र हे लागू पडत नाही, तिथे मनगटावर थरथरणारं घड्याळ चालत असेल तर बघा.

जुना_पिंपळ

ही युक्ती मला फार आवडली. यंत्राची घंटा बाहेरून येते आणि काम तोडते. ही घंटा कामातूनच येते, त्यामुळे काहीच तुटत नाही.

खटपट्या, तुमच्या स्क्रिप्टबद्दल मात्र शंका आहे. पंचविसाव्या मिनिटाची एक घंटा आणि विसाव्या मिनिटाची दुसरी. म्हणजे पहिल्या पोमोडोरोत विसाव्याला डोळ्यांची, पंचविसाव्याला कामाची. चौथ्या दिवशी माणूस दोन्हीकडे दुर्लक्ष करायला शिकतो.

खटपट्या

होतं तसं, खरं आहे. पहिल्या आठवड्यात मी प्रत्येक सूचनेला मान वर करायचो. तिसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की बोट आपोआप बंद करतंय, मला कळायच्या आधीच. त्यावर दोन गोष्टी केल्या. एक, आवाज काढून टाकला आणि सूचना कोपऱ्यातून मधोमध आणली. दोन, पोमोडोरोचीच फेरी २० मिनिटांची केली आणि दुसरी घंटा काढली. माझ्या कामाला २० चालतात, तुमच्या कामाला कदाचित नाही चालणार. ५० मिनिटांच्या फेरीत हे कसं बसवायचं याचं माझ्याकडे नीट उत्तर नाही.

शब्दवेल

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. काजवाताई, तुम्ही सांगितल्याप्रमाणे कॅमेरा चालू ठेवला आणि दोन तासांनंतरची पाच मिनिटं बघितली. मला धक्काच बसला. पाच मिनिटांत ३१ वेळा पापणी हलली. पण चित्र सावकाश फिरवून बघितलं तर त्यातल्या १२ वेळा वरची पापणी अर्ध्यावरूनच परत गेलेली. पूर्ण मिटलेली फक्त १९. तुलनेसाठी बहिणीशी व्हिडिओवर बोलतानाची पाच मिनिटं बघितली, तिथे ८२.

काजवा

मला अंदाज होताच. पडद्यावर वाचताना मिटणं असं कमी होणं बहुतेकांमध्ये दिसतं, आणि अर्धवट मिटणं हा त्यातला जास्त त्रासाचा भाग. अश्रूंचा थर पापणी पूर्ण खाली आली तरच बुबुळभर पसरतो. अर्ध्यावरून परत गेली तर खालचा पट्टा तसाच उघडा राहतो.

आता एक तपासणी करून घ्या. डोळ्यात थोडा रंग टाकून, पापणी उघडी ठेवून अश्रूंचा थर किती सेकंदांनी फाटतो ते बघतात. दहा सेकंदांपेक्षा जास्त टिकला तर सहसा ठीक. चष्म्याचा नंबर दोन वर्षांचा आहे, तोही त्याच वेळी तपासा. आणि एका बाजूचा डोळा दुखणं, अचानक धूसर होणं, चमका दिसणं असं काही झालं तर गजर-बिजर बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

शब्दवेल

तीन आठवड्यांनी परत लिहिते आहे, उशिराबद्दल क्षमस्व.

तपासणी झाली. नंबर जवळजवळ तोच आहे. अश्रूंचा थर उजव्या डोळ्यात ६ सेकंदांत आणि डाव्यात ७ सेकंदांत फाटतो. तिथे बसल्या बसल्या मी हिशोब केला. पाच मिनिटांत १९ वेळा पूर्ण मिटते, म्हणजे साधारण सोळा सेकंदांनी एकदा. थर सहाव्या सेकंदाला फाटतो. उरलेली दहा सेकंदं बुबुळाचा काही भाग कोरडा, आणि हे दिवसभर, प्रत्येक वेळी. तेव्हा मला पटलं की दर २५ किंवा २० मिनिटांनी वाजणारा कुठलाही गजर या त्रासाला पुरा पडणार नव्हता. त्रास सोळा सेकंदांत घडतो, आणि मी उपाय वीस मिनिटांनी शोधत होते.

निशिगंध यांना दिलेलं उत्तर मी माझ्या कामाला लावून बघितलं. परिच्छेद संपला की पुढच्यात शिरायच्या आधी डोळे सावकाश पूर्ण मिटते, मनात एक-दोन म्हणते आणि उघडते. असं दोनदा. माझं पान साधारण पाच-सहा परिच्छेदांचं असतं, त्यामुळे हे दर मिनिट-दीड मिनिटाला होतं. पहिले चार दिवस विसरायचे. मग पडद्याच्या खालच्या कडेला कागदाची पिवळी पट्टी चिकटवली, परिच्छेद संपताना नजर तिथे जायचीच. आता पट्टी काढली तरी होतं.

लॅपटॉप वर उचलून वेगळा कीबोर्ड जोडला आणि पडदा ६५ सेंटीमीटरवर नेला. पण उंच करताना घाईत वरची कड कपाळाच्या रेषेत आली होती, आणि दोन दिवस त्रास उलट वाढला. काजवाताईंना निरोप पाठवून विचारलं. वर बघताना डोळे जास्त उघडे राहतात आणि लवकर सुकतात, म्हणून नजर किंचित खाली उतरली पाहिजे, असं त्या म्हणाल्या. कड डोळ्यांच्या रेषेखाली आणल्यावर ते थांबलं.

पोमोडोरो २५चाच ठेवला आहे. त्या पाच मिनिटांत मोबाईल दुसऱ्या खोलीत असतो, हे सगळ्यात अवघड गेलं. खिडकीतून समोरच्या इमारतीवरचा अँटेना दिसतो. त्याच्या आडव्या काड्या सुट्ट्या दिसेपर्यंत बघते. सकाळी त्या लगेच दिसतात, संध्याकाळी अजून एखादा सेकंद लागतो.

सध्या परिस्थिती अशी: चार वाजताची रेती बहुतेक दिवशी नसते. सहाच्या पुढे काम लांबलं तर येते. मागच्या मंगळवारी तातडीचं काम होतं, परिच्छेद बिरिच्छेद सगळं विसरले, आणि साडेचारला पुन्हा तेच.

रानवारा

मीही कॅमेरा लावून बघितला. पाच मिनिटांत ४०, अर्धवट किती ते नीट कळलं नाही. ते ओळखायचं कसं?

शब्दवेल

चित्र पावपट वेगाने फिरवा आणि फक्त वरच्या पापणीच्या केसांकडे बघा. पूर्ण मिटते तेव्हा वरचे केस खालच्या केसांवर येऊन टेकतात. अर्धवट असेल तर मधे पांढरी फट राहते. चष्म्यावर पडद्याचं प्रतिबिंब येत असेल तर कॅमेरा थोडा बाजूने लावा.

निशिगंध

फोनच्या दिवशी काजवाताईंची युक्ती चालते आहे, आठव्या तासाला डोकं चढायचं ते कमी आहे. चॅटच्या दिवशी तीन खिडक्या एकदम उघड्या असतात आणि कुणीच बोलत नसतं. घड्याळ लावून बघितलं, पण ते थरथरतं तेव्हा नेमकं उत्तर अर्धं टाईप झालेलं असतं. शब्दवेल यांच्या परिच्छेदासारखं चॅटमध्ये काय धरता येईल, कुणी हे काम केलं असेल तर सांगा.

जुना_पिंपळ

उत्तर पाठवायची कळ धरून बघा. ती दाबली की पुढचा माणूस लिहीपर्यंत एकदा पूर्ण मिटा. मी हे काम केलेलं नाही, त्यामुळे तीन खिडक्यांत ते टिकेल का हे तुम्हीच करून सांगा.